मूळ फोटोही पाठवावेत ही विनंती

पत्रं लिहिण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. वर्तकनगरच्या एका मोठ्या सोसायटीच्या ऑफिसात मी नऊ वर्षं तेच करते आहे. वरच्याच्या बाथरूममधून खालच्याच्या छताला पाणी झिरपतं, दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, मग मध्ये माझं पत्र. ‘आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे’ हे मी इतकं गोड लिहिते की माणूस दुसऱ्या दिवशी प्लंबर घेऊन उभा राहतो. असं असताना विश्रामभावोजींना पानभर पत्र लिहायला मला चार दिवस लागले.

विश्रामभावोजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे, प्रितमचे, आत्येभाऊ. माजिवड्याला त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. आम्ही बाळकुमचे. म्हणजे प्रितम बाळकुमचा, मी डोंबिवलीची, लग्नाने इथली झाले. गावातली हळद असो, साखरपुडा असो, बारसं असो, कॅमेरा विश्रामभावोजींचाच. दुसरा कुणी बोलावला तर आत्या वर्षभर घरी यायची नाही.

आमच्या समृद्धीचा पहिला वाढदिवस सात डिसेंबरला झाला. गावच्या मैदानात स्टेज, जनरेटर, आठशे माणसांचं जेवण. एका वर्षाच्या पोरीसाठी आठशे माणसं कशाला, असं माझ्या आईने डोंबिवलीहून विचारलं होतं. पण आमच्याकडे ती रीतच आहे. बोलावलेलं प्रत्येक घर स्टेजवर चढतं, बाळाच्या हातात काहीतरी देतं, बाळाला मध्ये घेऊन फोटो काढतं. अल्बममध्ये प्रत्येक घराचा फोटो लागतोच, आणि त्याची एक एक प्रत त्या घरी नेऊन द्यायची. ज्याचा फोटो गाळला, तो पुढच्या हळदीला येत नाही. समूने त्या संध्याकाळी तीन तास माणसांच्या कडेवरून कडेवर प्रवास केला आणि शेवटी सासूबाईंच्या खांद्यावर झोपली.

भावोजी म्हणाले होते, संक्रांतीला फोटो हातात. संक्रांत गेली. मग म्हणाले शिमग्याला. शिमगा गेला. पाडव्याला तर फोनच उचलला नाही. लग्नसराईत फोटोवाल्याची तारीख पुढे जाते, हे मलाही कळतं. दुसरी कुणी असती तर दोन शिव्या हासडून मोकळी झाली असती. पण मला ते फोटो अल्बमसाठी नको होते. मला एक गोष्ट बघायची होती, आणि ती बघायला मी मरणाची घाबरत होते.

वाढदिवसानंतर तिसऱ्या दिवशी भावोजींनी व्हॉट्सअॅपवर पाच फोटो पाठवले होते, सगळ्यांना खूश ठेवण्यासाठी, चाखायला म्हणून. पाचव्या फोटोत समू प्रितमच्या कडेवर होती. उजव्या डोळ्याची बाहुली लाल आली होती, फ्लॅशमध्ये येते तशी. डावी पांढरी. पिवळट पांढरी, आतून दिवा लावल्यासारखी. मी बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. मग जे करू नये तेच केलं. मोबाइलवर शोधलं, बाळाच्या फोटोत एक डोळा पांढरा. पहिल्या तीन ओळी वाचून मोबाइल उशीखाली सारला.

प्रितमला दाखवलं. तो म्हणाला फ्लॅश आहे. सासूबाईंना दाखवलं. कमळाबाई माझ्या सासूबाई; मिठागरात काम करून चार पोरं वाढवलेली बाई, त्या कशाला घाबरत नाहीत. त्या म्हणाल्या, “पोरीला नजर लागली. आठशे मानसांनी बगितली, लागनारच.” त्यांनी मीठमोहरी ओवाळून चुलीत टाकली. वास आला नाही, म्हणजे नजर होतीच, असा निकालही दिला.

आणि मी? मी शिकलेली, पत्रं लिहिणारी. मी काय केलं, ते सांगायलाच हवं. मी ठरवलं की बाकीचे फोटो येऊ देत. एकाच फोटोत असेल तर फ्लॅश. सगळ्यांत असेल तर डॉक्टर. हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. खरं तर मला फोटो न येण्याचा आधार वाटत होता. ते येत नाहीत तोवर माझ्या पोरीला काही झालेलं नव्हतं. पंधराव्या महिन्याची लस द्यायला गेलो तेव्हा डॉक्टरांसमोर प्रश्न जिभेवर होता. बाहेर वीस मुलं रडत होती, डॉक्टर घाईत होते. मी प्रश्न गिळला आणि रिक्षात बसल्यावर मला चक्क हलकं वाटलं. त्या हलकेपणाची मला आजही लाज वाटते.

एप्रिलमध्ये एक दिवस समू खिडकीपाशी बसून कुरमुरे खात होती. मी गंमत म्हणून तिच्या उजव्या डोळ्यावर हात धरला. ती चिडली, माझा हात ढकलला, रडली. मग डाव्या डोळ्यावर धरला. ती कुरमुरे खात राहिली.

त्या दिवशी पत्र लिहायला घेतलं. पहिला खर्डा रागाचा होता, तो फाडला. दुसऱ्यात डोळ्याबद्दल लिहिलं होतं. तो वाचताना ‘पांढरा’ हा शब्द माझ्याच अक्षरात बघवेना, तोही फाडला. नातं तोडायचं नव्हतं आणि हात दगडाखाली होता. फोटो त्यांच्याकडे होते. तिसरा खर्डा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाइप केला तो असा:

दि. ११ एप्रिल

ती. विश्रामभावोजी यांस,
सा. न. वि. वि.

आपण सर्व कुशल असाल. चि. समृद्धीच्या वाढदिवसाला आपण तीन तास उभं राहून फोटो काढलेत, मध्येच एक लाइट बंद पडला तरी एकाही घराला परत पाठवलं नाहीत, हे आम्ही विसरलेलो नाही. सीझनमध्ये आपल्यावर कामाचा किती भार असतो याचीही कल्पना आहे.

एडिट केलेले फोटो संक्रांतीपर्यंत मिळतील असं आपलं बोलणं झालं होतं. त्याला आता तीन महिने होत आले. तक्रार म्हणून नाही, पण आमच्या माहितीसाठी कृपया एवढं कळवावं: काम सध्या कोणत्या टप्प्यावर आहे, उशिराचं कारण काय, आणि फोटो नक्की कोणत्या तारखेला मिळतील. जे तयार असतील ते आधी पाठवले तरी चालेल.

आणखी एक. एडिट होण्याआधीचे मूळ फोटो आपल्याकडे सुरक्षित असतील अशी खात्री आहे. फोटोग्राफर मूळ फोटो सहसा देत नाहीत हे मला ठाऊक आहे. तरी आम्हाला ते घरच्यापुरते हवे आहेत, कुठेही टाकणार नाही. या आठवड्यात मिळाल्यास उपकार होतील.

आत्यांना नमस्कार.

आपली,
मृणाल

वाचून बघितलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा याहून सुबक नमुना नसेल. जे विचारायचं होतं ते सोडून सगळं होतं त्यात. तरी व्हॉट्सअॅपवर पाठवलं. दोन निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर आलं नाही. दिवसभर मी लोकांच्या गळतीची पत्रं टाइप करत होते आणि दर पाच मिनिटांनी मोबाइल उलटा करून सुलटा करत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी आम्ही सगळे भाकरी खात असताना भावोजींचा आवाज आला, म्हणजे आवाजी मेसेज आला. प्रितमने तो सगळ्यांसमोरच लावला.

“मृणाल, पत्र वाचला गं. लाज वाटली मला, फोन कुठल्या तोंडानी उचलू? चूक माझी. त्या दिवशी एक लाइट गेला ना, मग मी फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवला, तिथूनच गडबड झाली. समूच्या एका डोळ्यात फ्लॅशचा पांढरा डाग आला, एकूण एक फोटोत. दोनशेच्या वर फोटो. एकही गाळता येत नाय, प्रत्येकात वेगला घर. आंबिवलीची माया आहे, ती माझा एडिटिंग करते, तिनी एक एक डोला हातानी नीट केलेला. म्हणून उशीर. काल काम संपला. आता सगले क्लीन आहेत, टेन्शन घेऊ नको. मूळ फोटो माझ्याकडे नाहीत, कार्डं रिकामी केलेली. तिच्याकडे असतील, पण फायनल पाठवला की ती मागचा डेटा उडवते, जागा नसते ना.”

प्रितमचा चेहरा उजळला. “बघ,” तो म्हणाला, “मी म्हणत होतो ना, फ्लॅश. दादा स्वतः बोलतोय.” सासूबाईंनी देवाकडे बघून हात जोडले. भाकरीचा तुकडा माझ्या हातातच राहिला. ‘एकूण एक फोटोत’ एवढंच मला ऐकू आलं होतं. चार महिने जे दार मी बंद ठेवलं होतं ते त्या भल्या माणसाने सगळ्यांच्या पंगतीत उघडलं होतं, आणि आत बघायला एकटी मीच उभी होते.

मी प्रितमला म्हणाले, गाडी काढ. तो म्हणाला कशाला. मी म्हणाले, ती डेटा उडवायच्या आत मला ते फोटो बघायचेत. तो हसायला लागला, मग माझ्याकडे बघून थांबला. मी कुरमुऱ्यांचं सांगितलं. त्याने समूला उचललं, माझ्याकडे पाठ केली आणि स्वतः तिच्या उजव्या डोळ्यावर हात धरून बघितलं. मग निमूट किल्ली शोधायला लागला.

भावोजींकडून मायाचा नंबर आणि पत्ता घेतला. माया फोन उचलत नव्हती. कल्याणपर्यंत मी अकरा वेळा लावला. प्रत्येक रिंगला मला दिसत होतं, ती कॉम्प्युटरसमोर बसली आहे, एक फोल्डर निवडते आहे आणि उडवते आहे. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. आंबिवली स्टेशनपासून आत, चाळीच्या तिसऱ्या खोलीचं दार तिनेच उघडलं. फोन चार्जिंगला लावून ती धुणं वाळत घालत होती.

माया माझ्याच वयाची. खोलीत एक टेबल, मोठा स्क्रीन, भिंतीवर बुद्धांची तसबीर, खिडकीला जाड काळा पडदा, रंग नीट दिसावेत म्हणून. ती पाच फोटोग्राफरांचं एडिटिंग घरून करते. आधी तिला वाटलं आम्ही उशिराबद्दल भांडायला आलोय. ती घाईघाईने हिशोब देऊ लागली, रोज दहा-बारा फोटो व्हायचे, मध्ये लग्नांचे अल्बम होते. मी म्हणाले, भांडण नाही. मूळ फोटो आहेत का?

“आहेत,” ती म्हणाली. “आज उडवणार होते. नवीन लग्नाचे फोटो यायचेत.”

मी तिच्या पलंगावर बसले.

तिने दोन फोल्डर उघडले. सुरुवातीचे तीनशे चाळीस फोटो दोन छत्र्यांच्या लाइटवर काढलेले. त्यांत समूचे दोन्ही डोळे काळेभोर. प्रितम पुढे वाकून म्हणाला, यात तर काहीच नाही. मायाने समजावलं. छत्रीचा लाइट बाजूने पडतो, तो डोळ्यातून परत कॅमेऱ्यात येत नाही. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर असला की उजेड सरळ डोळ्यात जातो आणि आतला पडदा लाल दिसतो. म्हणून फ्लॅश चढवल्यापासूनच्या फोटोंत सगळ्यांचे डोळे लाल आलेत. ते लाल काढायला तिच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे, एका क्लिकमध्ये पाच माणसांचे डोळे काळे.

“पण ते लालच ओळखतं,” ती म्हणाली. “हिचा डावा त्याला सापडायचाच नाही. मग मी उजवी बाहुली कॉपी करायची, उलटी करायची, डावीवर बसवायची, त्यातला उजेडाचा ठिपका सरकवायचा. दोनशे बारा वेळा.”

मग तिने फ्लॅशचे मूळ फोटो एकामागून एक पुढे सरकवले. समू शेजारच्या काकूंच्या कडेवर, समोर बघते आहे, पांढरा. समू फुग्याकडे बघते आहे, पांढरा. वर बघते आहे, खाली केककडे, आजीकडे, पांढरा, पांढरा. हसते आहे. जांभई देते आहे. प्रितमच्या कडेवर, प्रितमने नवा कुर्ता घातलेला, छाती फुगवून उभा. प्रत्येक फोटोत ती आमची पोर होती आणि प्रत्येक फोटोत ते काहीतरी तिच्या आतून आमच्याकडे बघत होतं. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं, आणि मी पुढचा, पुढचा म्हणत राहिले.

प्रितमने शेवटचा प्रयत्न केला. तो म्हणाला, फ्लॅशच बिघडला असेल. मायाने एक फोटो मोठा केला. आमच्या चुलत सासऱ्यांचं घर, स्टेजवर पाच लहान पोरं रांगेत, मध्ये समू. पाचही पोरांचे दोन्ही डोळे लाल. समूचा एक लाल.

“स्टेजवर शंभरभर पोरं आली असतील,” ती हळूच म्हणाली. “दुसऱ्या कोणाच्याच नाही.”

प्रितम खाली बसला. लादीवरच.

मी तिला विचारलं, हे तुला जानेवारीतच दिसलं होतं का. आवाज चढवायचा नव्हता, पण चढला. ती रडवेली झाली. म्हणाली, दिसलं होतं. तिला वाटलं पोरीचा डोळा जन्मतःच तसा आहे. लोक सांगतात ना, हिचा तीळ काढा, ह्याचा तिरळेपणा काढा, त्यातलंच काही. घरच्यांना माहीत असणारच. विचारलं तर वाईट वाटेल. म्हणून न विचारता, अगदी जीव लावून केलं. आणि विश्रामभावोजींना वाटलं त्यांचा फ्लॅश खराब, त्यांनी तो दोनदा दुरुस्तीला टाकला, आणि लाज वाटून आम्हाला सांगितलं नाही. मी तिच्यावर ओरडणार होते. पण चार महिने पाचवा फोटो उशीखाली ठेवून झोपणारी बाई कुणावर ओरडणार? मी तिला मूळ फोटो पेन ड्राइव्हवर द्यायला सांगितलं. तिने दोन प्रती केल्या, आणि फोल्डर उडवणार नाही असं स्वतःहून सांगितलं. निघताना तिने समूसाठी बिस्किटाचा पुडा दिला.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावला. ठाण्यातच. थेंब घालून बाहुली मोठी केली, अर्धा तास बसवलं, समूने रडून सगळा दवाखाना डोक्यावर घेतला. सासूबाईही आल्या होत्या, येऊ नका म्हटलं तरी. डॉक्टरीणबाईंनी आधी डोळा बघितला, मग पेन ड्राइव्ह. म्हणाल्या, एखाद्याच फोटोत पांढरं आलं तर कधी कधी ते साधं असतं, मूल ठरावीक कोनात बघत असेल तर डोळ्यातल्या नसेचं टोक तसं चमकतं. इतक्या दिशांना बघतानाही येतंय, म्हणजे ते नाही. मोतीबिंदूही नाही. पडद्यावर गाठ दिसते आहे. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला स्वतः फोन लावला. इतक्या लगबगीने फोन लावणारा डॉक्टर मी पहिल्यांदा बघितला.

पुढचे दहा दिवस मी कशी वागले ते मला नीट आठवत नाही. समूला भूल देऊन दोन्ही डोळे आतून तपासले, एमआरआय झाला. भूल दिल्यावर तिचा हात माझ्या बोटातून सुटला, ती घडी तेवढी आठवते. उजवा डोळा स्वच्छ. गाठ डाव्यात, आणि डोळ्यातली बरीचशी जागा तिने खाल्लेली. डोळ्यामागच्या नसेपर्यंत ती अजून पोचलेली दिसत नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी मला, प्रितमला आणि सासूबाईंना समोर बसवलं. म्हणाले, हा डोळा ठेवण्यात अर्थ नाही, त्याला दिसत नाही आणि तो ठेवला तर पोरीच्या जिवाला धोका. काढावा लागेल. काही आठवड्यांनी कृत्रिम डोळा बसवू. उजवा मात्र पुढची काही वर्षं पुन्हा पुन्हा तपासावा लागेल.

मला एकच विचारायचं होतं. माझ्याने ते कागदावर लिहून झालं नसतं. तोंडाने मात्र विचारलं. डिसेंबरात आलो असतो तर?

डॉक्टरांनी समोरचा कागद सरळ केला. “तेव्हा आला असतात तर कदाचित डोळा वाचवायचा प्रयत्न करता आला असता. खात्री नाही देता येणार,” ते म्हणाले. “आज आलात म्हणून मुलगी वाचेल असं मला वाटतं. याउपर स्वतःला काही विचारू नका.”

वाटतं. ‘वाचेल’ असं ते म्हणाले नाहीत, ‘वाचेल असं वाटतं’ म्हणाले. नऊ वर्षं शब्द तोलून लिहिणाऱ्या बाईला हा फरक कळतो. ऑपरेशन गुरुवारी ठरलं.

बुधवारी दुपारी आम्ही घरी बॅग भरत होतो. समू पलंगावर बसून बॅगेतले कपडे एकेक बाहेर फेकत होती. सासूबाई तिच्या डाव्या बाजूला बसल्या होत्या. आता त्या मुद्दाम डाव्या बाजूला बसतात, तिकडून कुणी आलं तर तिला दिसत नाही म्हणून. नजरेचं नाव त्यांनी त्या दवाखान्यानंतर काढलेलं नाही. मलाही त्या काही बोलल्या नाहीत, आणि ते मला बोलण्यापेक्षा जड जात होतं.

तेवढ्यात मायाचा फोन आला. आवाज चोरटा. आधी समूचं विचारलं. मग म्हणाली, आज फोन करणं बरं दिसत नाही, पण अल्बम छापायला जायचाय, घरोघरच्या प्रतीही त्यातच आहेत, आणि विश्रामदादा म्हणाले मृणालवहिनीलाच विचार.

“डोळे कसे ठेवू ताई?” तिने विचारलं. “मी केलेले, की मूळचे?”

फोन स्पीकरवर होता. सासूबाई लगेच म्हणाल्या, “केलेलं ठेव. दोनशे घरान जानार फोटू. चांगला डोला दिसू दे पोरीचा.” प्रितमने माझ्याकडे बघितलं. त्याचंही तेच मत होतं, त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी समूकडे बघितलं. तिने प्रितमचा मोजा डोक्यावर घातला होता आणि आम्ही हसावं म्हणून वाट बघत होती. उद्या या वेळेला तो डोळा नसणार. त्याने तिला कधी काही दाखवलं की नाही तेही आम्हाला माहीत नव्हतं.

“मूळचे,” मी म्हणाले.

“दोनशे बारा?”

“सगळे. लाल काढू नकोस, पांढरा काढू नकोस. आहेत तसे घरोघर जाऊ देत.”

“ताई, लोक विचारतील हो,” माया म्हणाली.

“विचारू देत,” मी म्हणाले. “चार महिने कुणीच विचारलं नाही.”